बाईंच्या निरोपाचं भाषण: एका द्विशिक्षकी शाळेतलं प्रकरण

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरातल्या एका तांड्यावरची. शिक्षक दोन. एक बाई आणि दुसरा मी. २०१४ च्या जूनमध्ये मी बदलीनं इथं आलो, तेव्हापासून पहिली-दुसरी बाईंकडे आणि तिसरी-चौथी माझ्याकडे. बाई केंद्राच्या बैठकीला गेल्या की चारही वर्ग माझे, मी गेलो की त्यांचे. अकरा वर्षं असं काढल्यावर माणूस माणसाला किती ओळखतो, हे द्विशिक्षकी शाळेत काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको.

बाईंची कागदावरची जन्मतारीख १ जून १९६७. त्यांच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून हीच अनेकांची जन्मतारीख झाली. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, त्यामुळे अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होऊन बाईंची सेवा संपणार होती ३१ मे २०२५ ला. तेव्हा शाळेला सुटी असते. म्हणून निरोप समारंभ १ मे ला, ध्वजवंदन आणि निकाल झाल्यावर ठेवायचं ठरलं. त्याला आणखी एक कारण होतं. तांड्यावरची निम्म्याहून अधिक घरं ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आसपास गेलेल्या टोळ्या कारखाने बंद झाले की परततात, आणि १ मे पर्यंत सगळी माणसं घरी असतात. बाईंना निरोप द्यायचा तो आयाबाया गावात असताना, यावर शाळा व्यवस्थापन समितीत दुसरं मत नव्हतं.

सहकारी म्हणून बोलायचं माझ्याकडे आलं. त्या भाषणाचं काय काय झालं, ते इथं सविस्तर लिहून ठेवतो आहे.

पहिला मसुदा मी एका बैठकीत लिहिला. ‘निवृत्ती म्हणजे पूर्णविराम नव्हे, स्वल्पविराम’ इथून सुरुवात, मग कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, विद्यार्थिप्रिय, मग रुजू झाल्यापासूनच्या शाळांची यादी, शेवटी उर्वरित आयुष्य निरामय जावो. वाचायला चौदा मिनिटं लागली. लिहून झाल्यावर मला राहून राहून वाटत होतं की हे मी आधी कुठंतरी बोललो आहे. मोबाइलमध्ये शोधलं, तर आदल्या वर्षी केंद्रशाळेतल्या एका सरांच्या निरोपाला केलेलं भाषण सापडलं. पहिली चार वाक्यं जशीच्या तशी होती, फक्त ‘सर’च्या जागी ‘बाई’ आल्या होत्या. ते सर उत्तम शिक्षक होते, बाईही आहेत, पण दोघांची कामं इतकी वेगळी की एकाचं भाषण दुसऱ्याला बसलं याचा अर्थ ते दोघांपैकी कुणाचंच नव्हतं. मला त्या रात्री फार वाईट वाटलं.

मग मी एकच कसोटी धरली. नाव झाकून हे वाक्य वाचलं, तर पहिल्या ओळीत बसणाऱ्या आजीला कळेल का की हे आपल्या बाईंबद्दल आहे? ‘विद्यार्थिप्रिय’ या शब्दावरून कळणार नव्हतं. ‘लाल पुठ्ठ्याची वही’ म्हटलं की लगेच कळणार होतं.

ती वही बाईंच्या कपाटात असायची. दिवाळीनंतर टोळ्या निघायला लागल्या की बाई त्यात लिहायला बसत. मूल कोण, कोणत्या कारखान्याकडे चाललंय, मुकादमाचा फोन नंबर, वाचनात कुठवर आलंय, हातच्याची बेरीज येते की नाही. सरकारी नमुन्यातलं शिक्षण हमी कार्ड मुलाबरोबर जायचंच, पण वही बाईंची स्वतःची होती. शेवटचा रकाना ‘परत आला’ आणि त्याखाली तारीख. मी ती मागून घेतली आणि दोन संध्याकाळी पहिल्या पानापासून वाचली. शेवटच्या रकान्यात बऱ्याच जागा रिकाम्या होत्या, आणि प्रत्येक रिकाम्या जागेत शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात पुढं काय झालं ते लिहिलेलं होतं: ‘मामाच्या गावी शाळेत घातला’, ‘पुन्हा टोळीबरोबरच’, ‘कळलं नाही’. अकरा वर्षं शेजारच्या खोलीत बसून मला ही शिसपेन्सिलीची अक्षरं ठाऊक नव्हती.

भाषणाचा गाभा म्हणून मी एक आठवण निवडली. तिसरीतली एक मुलगी टोळीबरोबर न जाता मागं राहिली, आणि फोनवरून तिनं आईला धडा वाचून दाखवला. मी तिथं हजर होतो, सगळं डोळ्यांसमोर होतं. तरीही तीन गोष्टी पडताळून घ्याव्या लागल्या.

पहिली गोष्ट म्हणजे साल. मी २०१७ लिहिलं होतं. हजेरीपट काढला तर ती मुलगी तिसरीत होती २०१८-१९ ला. चूक एका वर्षाची, पण सभेत बसणाऱ्या बायका साल आकड्यानं नाही तर पावसानं लक्षात ठेवतात. २०१८ हे दुष्काळाचं साल. त्या वर्षी ज्या घरांतून एरवी कुणी जात नसे, तिथूनही माणसं फडावर गेली. साल दुरुस्त केल्याबरोबर ती मुलगी मागं राहणं किती अवघड होतं, हे न सांगता कळायला लागलं.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक. माझ्या मसुद्यात वाक्य होतं, ‘वडील काही केल्या ऐकेनात.’ ते वडील सभेत बसणार होते, शेजारी व्याही आणि भावकी. मी त्यांच्या घरी जाऊन सगळा मजकूर वाचून दाखवला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सर, सांगा. पण मी आडवा आलो असं नका सांगू. उचल घेतली होती. जायचं तर होतंच, आन् बाळ कुणाच्या भरवशावर सोडायचं?” त्यांचं बरोबर होतं. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतली की दोघांनाही फडात उतरावं लागतं, आणि घरातली मोठी पोर लहानग्याला सांभाळायला बरोबर नेली जाते. ही अडचण हटवादीपणाची नव्हती. मी ते वाक्य काढलं आणि त्या जागी अडचणच लिहिली. मुलीलाही विचारलं. ती आता नववी झाली आहे. म्हणाली, सांगा, पण नाव घेऊ नका.

तिसरं विचारणं स्वतः बाईंना. भाषण त्यांना दाखवणार नव्हतो, फक्त विचारलं की काय बोलू नको. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. मधल्या आजारपणाचा उल्लेख नको. आणि “माझ्यामुळं सगळी पोरं थांबली असं बोलाल, तर मला मान वर करता यायची नाही. सगळी थांबली नाहीत, सर. तुम्हाला माहीत आहे.” या एका वाक्यानं भाषणाचा सूर ठरला. मग वहीतल्या रिकाम्या जागा मी भाषणात घेतल्या.

समारंभाच्या दिवशी अकरा वक्ते होते. सूत्रसंचालन करणाऱ्या शिक्षकमित्राला मी आधीच सांगितलं होतं की व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं तुम्ही एकदा घ्या, मी पुन्हा घेणार नाही. प्रत्येक वक्त्याचा पहिला मिनिट त्यातच जातो आणि मे महिन्यात पत्र्याच्या मंडपाखाली लोकांची सहनशक्ती तेवढ्यात संपते. भाषण मी मोठ्या अक्षरात, एका पानावर एकच प्रसंग अशा बेतानं चार पानांवर लिहून नेलं. ते असं होतं:

“आज्यांनो, आयांनो, बापूंनो, मुलांनो, आणि बाई,

१६ जून २०१४ ला मी या शाळेत हजर झालो. पहिलीच्या वर्गात बाई फळ्यावर भाकरीचं चित्र काढत होत्या. त्यांनी विचारलं, हे काय आहे? एक मुलगा म्हणाला, ‘बाटी.’ मला वाटलं, आता बाई सांगतील की बाटी नाही, भाकरी म्हणायचं. बाईंनी चित्राखाली ‘बाटी’ लिहिलं. त्या मुलाला पुढं बोलावून त्याच्याकडून ते वाचून घेतलं. शाळेत आल्यावर त्यानं वाचलेला पहिला शब्द त्याच्या घरचा होता. मग शेजारी बाईंनी ‘भाकरी’ लिहिलं आणि म्हणाल्या, ‘घरी बाटी, पुस्तकात भाकरी. भूक दोन्हीनं जाते.’ मुलाच्या घरच्या भाषेपासून सुरुवात करावी, हे मी डी.एड.ला असताना परीक्षेत लिहिलं होतं. ते होताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तुम्हा सगळ्यांना बाईंची लाल पुठ्ठ्याची वही माहीत आहे. तुमच्यातल्या बहुतेकांना त्या वहीसाठी बाईंनी रस्त्यात थांबवलं आहे. कोणता कारखाना? मुकादम कोण? नंबर सांगा. सामान ट्रॅक्टरवर चढलेलं असायचं, आणि बाई ट्रॉलीजवळ उभ्या राहून पोराकडून सातचा पाढा म्हणवून घ्यायच्या, कारण वहीत लिहायचं होतं की येतो की नाही.

ती वही मी गेल्या महिन्यात पूर्ण वाचली. त्यात ‘परत आला’ असा एक रकाना आहे. तो सगळा भरलेला नाही. सगळी मुलं थांबली नाहीत आणि गेलेली सगळी परत आली नाहीत. पण ज्या ज्या ठिकाणी तारीख नाही, त्या त्या ठिकाणी बाईंनी शिसपेन्सिलीनं लिहिलं आहे की ते मूल पुढं कुठं गेलं. शाळेच्या हजेरीपटावरून नाव कमी करता येतं. बाईंनी या वहीतून एकही नाव कमी केलेलं नाही.

आता एक प्रसंग सांगतो. साल २०१८. पाऊस नव्हता, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. माझ्या तिसरीतली एक मुलगी टोळीबरोबर निघाली होती. घरात आठ महिन्यांचं बाळ होतं. आईबाप फडात गेल्यावर बाळ कोण बघणार, हा प्रश्न खरा होता. बाई त्या घरी तीन संध्याकाळी गेल्या. शिक्षणाचं महत्त्व वगैरे काही बोलल्या नाहीत. चुलीपाशी बसून त्यांनी एकच विचारलं, ‘बाळाचं कसं करायचं, ते आपण आधी ठरवू.’ तिसऱ्या संध्याकाळी आजी म्हणाली, ‘मी जाते फडावर.’ आजी गेली. मुलगी चुलत आजीकडे राहिली, आणि दोन वेळा जेवायला आपल्या शाळेतल्या हंगामी वसतिगृहात येऊ लागली.

दिवसा ती बरी असायची. दिवेलागणीला रडायची. बाई आठवड्यातून दोन दिवस तांड्यावर मुक्कामाला थांबायला लागल्या. एका रात्री मीही होतो. आठच्या सुमाराला बाईंनी तिच्या आईला फोन लावला. आई तिकडं नुकतीच कोपीवर आली होती, भाकरी थापत होती. मला वाटलं, बाई फोन मुलीच्या हातात देतील. त्यांनी फोन पुस्तकाजवळ धरला आणि म्हणाल्या, ‘वाच.’

मुलगी वाचत गेली. पूर्ण पान वाचलं. पलीकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं, फोन तुटला. मग आईनं विचारलं, ‘बाई, हे समदं पुस्तकात लिवलंय, का मनानं सांगती?’ बाई म्हणाल्या, ‘पुस्तकातच आहे. तुम्ही आलात की बोट ठेवून दाखवील.’

त्यानंतर ती मुलगी दिवेलागणीला रडायची नाही असं नाही. पण रडून झालं की पुस्तक काढायची, कारण फोनवर कोणतं पान वाचायचं ते ठरवायचं असायचं.

एप्रिलमध्ये टोळी परत आली. ती आई गाठोडं घरी न टाकता शाळेत आली. वर्ग चालू होता. दारातूनच म्हणाली, ‘दाखव.’ आणि मुलीनं बोट ठेवून वाचलं.

बाई, अकरा वर्षांत तुम्ही मला कधी ‘असं शिकवा’ म्हणून सांगितलं नाही. मधली भिंत पातळ आहे, मी ऐकत होतो. तिसरीत माझ्याकडे येणारं मूल न घाबरता चुकायचं. चुकलं की माझ्याकडे बघायचं, आणि मी आता काय करणार याची वाट बघायचं. ते तुमच्याकडून आलंय हे मला माहीत होतं, आणि म्हणून मला रागावता यायचं नाही.

लाल वही तुम्ही काल माझ्या टेबलावर ठेवलीत. दिवाळीनंतर मी ती उघडीन. काही रकान्यांत काय लिहायचं ते मला कळणार नाही. तेव्हा मी फोन करीन. तुम्ही उचला.”

घरी घड्याळ लावून वाचलं तेव्हा साडेसहा मिनिटं झाली होती. प्रत्यक्षात नऊ लागली. ‘का मनानं सांगती’ हे वाक्य आलं तशी बायकांच्या बाजूनं ती आई स्वतःच उठून उभी राहिली आणि माइकपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाली, “आन् मला खरंच वाटलं नव्हतं!” सगळा मंडप हसला, मग सगळा मंडप शांत झाला. मला पुढचं वाक्य आठवेना. एका पानावर एकच प्रसंग लिहिला होता म्हणून जागा सापडली. अशा वेळी थांबावं हे मला त्या क्षणी सुचलं, याचं समाधान आहे. तिचं बोलणं संपू दिलं नसतं तर तिच्याच आठवणीवर मी माझं भाषण रेटल्यासारखं झालं असतं.

मुलीच्या वडिलांकडे मी मुद्दाम पाहिलं नाही. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी येऊन बाईंना वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाले, “बराबर सांगितलंत.” तो ‘हा प्रश्न खरा होता’ एवढ्या चार शब्दांचा परिणाम होता, असं मी समजतो. जुनं वाक्य ठेवलं असतं तर बाईंचं कौतुक तेवढंच झालं असतं, पण ते त्या माणसाच्या अंगावर उभं राहून झालं असतं.

बाई उत्तराला उभ्या राहून दोनच मिनिटं बोलल्या. मुलांना म्हणाल्या, सुटीत पाढे विसरू नका. साडीचोळी, शाल-श्रीफळ, फोटो हे सगळं रीतीप्रमाणे झालं.

३१ मे ला बाई चार्ज द्यायला आल्या. जनरल रजिस्टर, जडवस्तू संग्रह नोंदवही, पोषण आहाराचा साठा, एकेक नोंद तपासून दोघांनी सह्या केल्या. काम संपल्यावर मी त्यांना भाषणाची स्वच्छ लिहिलेली प्रत दिली. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. मग टेबलावरची शिसपेन्सिल उचलली आणि तिसऱ्या पानाच्या समासात, वहीतल्याच बारीक अक्षरात, एक ओळ लिहिली: ‘फोन मावशींचा होता.’

मी बघतच राहिलो. मावशी म्हणजे शाळेत खिचडी शिजवणाऱ्या आमच्या स्वयंपाकीण. बाई मुक्कामाला राहायच्या त्या मावशींच्याच घरी. बाईंच्या फोनला तांड्यावर रेंज नसायची, मावशींच्या फोनला त्यांच्या ओट्यावर यायची. फोनचे पैसेही बहुतेक वेळा मावशीच भरायच्या. मी साल हजेरीपटात तपासलं, वडिलांना विचारलं, मुलीला विचारलं. ज्या बाईच्या ओट्यावर बसून तो फोन झाला, तिला विचारलं नाही. १ मे ला मावशी मंडपाच्या मागच्या कडेला पाण्याच्या पिंपापाशी उभ्या राहून माझं भाषण ऐकत होत्या, आणि त्यात त्यांचा फोन बाईंचा होऊन गेला होता. त्या एका शब्दानंही बोलल्या नव्हत्या.

“तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?” मी बाईंना विचारलं.

“सभेत तुमचं वाक्य तोडायचं?” बाई म्हणाल्या. “आता दुरुस्त करा. तुम्हीच करा.”

१६ जूनला शाळा उघडली. परिपाठ झाल्यावर मी मुलांना ओळीतच बसवून ठेवलं, मावशींना स्वयंपाकघरातून बोलावलं आणि तिसरं पान काढून तो प्रसंग पुन्हा वाचला, या वेळी मावशींचा ओटा आणि मावशींचा फोन घालून. मावशी पदराला हात पुसत ऐकत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, “फोनचं काय येवढं, सर. पण त्या पोरीला गुळाचा चहा मी करून द्यायची वाचायच्या आधी, ते बी लिवा.”

मी तिथंच, त्यांच्यासमोर, बाईंच्या ओळीखाली ते लिहिलं.